मंडळाचें पहिलें अंदाजपत्रक

मनुष्याला झालेला खर्च लिहून ठेवण्याचा कंटाळा असतो. होणारा खर्च लिहून ठेवण्याची मात्र त्यास भीति वाटते. कंटाळा आणि भीति ह्यांत जें अंतर आहे, तेंच हिशेब आणि अंदाजपत्रक ह्यांत आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. हिशेब लिहिणारा हा झालेल्या गोष्टीचा साक्षीदार असतो. त्याच्या हातून चूक झालीच तर ती बेरजेची. अंदाजपत्रक लिहिणाऱ्यास आपल्या आशा, आपली पत आणि आपल्या शेजाऱ्यांचीं वचनें ह्या सर्वांस आंकडे लावावे लागतात. आणि ते आंकडे एकदां चारचौघांदेखत कागदावर आले म्हणजे पुष्कळांचे चेहरे उतरतात.

इंग्रजींतील ‘बजेट’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतील चामड्याच्या लहान पिशवीच्या नांवावरून आला आहे. इंग्लंडच्या अर्थमंत्र्यानें ती पिशवी पार्लमेंटांत उघडावी, अशी भाषा अठराव्या शतकांत तेथें रूढ झाली. आणि आमच्या देशांत ब्रिटिश अमदानीचें पहिलें अंदाजपत्रक १८६० सालीं जेम्स विल्सन ह्यांनीं मांडलें. ही व्युत्पत्ति आम्ही वर्षानुवर्षें महाविद्यालयांतील मुलांस सांगत आलों आहों. परंतु पिशवी उघडणें म्हणजे काय, आणि ती उघडतांना कोणाच्या हातास कंप सुटतो, हें पाहण्याचा योग आला तो शिरोळास, एका गल्लींतील गणेशोत्सव मंडळाच्या निमित्तानें.

शिरोळ हें कोल्हापूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. पंचगंगेचें पाणी व उसाचीं शिवारें ह्यांवर त्याचा संसार चालतो. जवळच नरसोबाच्या वाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि २०१९ च्या आगस्टांत किंवा २०२१ च्या जुलईंत झालें त्याप्रमाणें दोन्ही नद्या एकदम फुगल्या म्हणजे तालुक्यांतील गांवेंच्या गांवें घरदार सोडून निघतात. आमचें वडिलोपार्जित घर तेथें असल्यामुळें सुटींत आम्ही तेथें जातों. शेजारीं एक निवृत्त हिशेबनीस राहतात. एका सहकारी संस्थेच्या हिशेब खात्यांत त्यांनीं ३६ वर्षें काढलीं. सारी गल्ली त्यांस अण्णा म्हणते, आणि आम्हीही म्हणतों. निवृत्त झाल्यावर त्यांचा दिवस पंचांग, वर्तमानपत्र आणि नातवंडांची शाळा ह्यांत जात असे. आषाढाच्या अखेरीस एका सायंकाळीं गल्लींतील मंडळाचीं पांचसहा पोरें त्यांच्या सोप्यावर येऊन बसलीं, तेव्हां आम्हीही तेथेंच होतों.

पोरांची अडचण अशी होती. मागल्या वर्षीं मांडव घालणाऱ्याचे ६,००० रुपये बाकी राहिले होते. ते दिल्याखेरीज यंदा तो एक बांबूसुद्धां रोंवणार नव्हता. शिवाय गल्लींत कुजबूज चालली होती, आणि ती फार वाईट होती. मागल्या वर्षीं मंडळानें १,१८,००० रुपयांच्या पावत्या फाडल्या होत्या. वह्यांवरून ती बेरीज कोणीही करूं शकत होता. जमा मात्र १,०१,००० च दिसत होती. मग मधले १७,००० गेले कोठें? खजिनदार हा २३-२४ वर्षांचा मुलगा, खतांच्या दुकानांत कामास. वर्गणीचे बरेचसे पैसे त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर, यूपीआयनें आले होते, म्हणून बोटें त्याच्याकडेच वळत होतीं. तो बिचारा दाराशीं, चपला काढल्या होत्या तेथेंच, खालीं मान घालून बसला होता.

अध्यक्षानें खिशांतून एक कागद काढला. “अण्णा, ह्या वर्षीचं बजेट आम्ही काढलंय. तुम्ही नुसतं बघून घ्या.”

त्या कागदावर १,८५,००० रुपयांचा खर्च लिहिला होता, आणि त्यांत एकट्या डॉल्बीचेच ६०,००० होते. जमेच्या बाजूस एकच ओळ होती: ‘वर्गणी व देणग्या — १,८५,०००’. दोन्ही बेरजा तंतोतंत जुळत होत्या, ह्याचा पोरांस अभिमान वाटत होता.

आमची अशी कल्पना होती कीं, अण्णा आतां डॉल्बीवर एक व्याख्यान देतील. त्यांनीं तसें कांहींच केलें नाहीं. कागद चष्म्याजवळ धरून त्यांनीं एवढेंच विचारलें, “ह्यातले कुठले पैसे कुठल्या तारखेला द्यायचे?” कोणी बोलेना. “आणि वर्गणी कुठल्या तारखेला येणार?” ह्यावरही कोणी बोलेना. “मग हे बजेट नव्हं. ही इच्छा आहे. मागल्या वर्षीच्या पावत्यांच्या स्थळप्रती घेऊन या, आणि ह्याची डायरी,” असें म्हणून त्यांनीं खजिनदाराकडे बोट दाखविलें. तें बोट मात्र आरोपाचें नव्हतें.

दुसरे दिवशीं काम सुरू झालें. पहिला उलगडा अर्ध्या तासांतच झाला. मागल्या वर्षीं पोरें घरोघर जात, घरधनी आंकडा सांगे, आणि तेथल्या तेथें पावती फाडली जाई. पैसे पुष्कळांनीं ‘मागून’ देऊं म्हटलें होतें. म्हणजे पावती ही पैसे मिळाल्याची खूण न राहतां वचनाची खूण झाली होती. १७,००० रुपये कोणी खाल्ले नव्हते; ते कधीं आलेच नव्हते. मात्र ज्यांनीं ते दिले नाहींत त्यांच्या घरींही मंडळाची सही असलेली पावती होती, आणि त्या कागदाच्या बळावर ते खजिनदारास चोर म्हणण्यास मोकळे होते. अण्णांनीं पहिला नियम तेथेंच घातला: वचन यादींत लिहावयाचें आणि पावती पैसे हातीं पडल्यावरच फाडावयाची. दुसरा नियम असा कीं, मंडळाचे पैसे कोणाच्याही स्वतःच्या खात्यावर घ्यावयाचे नाहींत. गांवांतील बँकेंत मंडळाच्या नांवें खातें उघडावें, आणि पैसे काढावयास दोन सह्या लागाव्या. वर्गणी गोळा करण्यास धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी, हेंही त्यांनीं सांगितलें. नोंदणी नसलेल्या मंडळांसाठीं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ह्यांत ४१ क हें कलम आहे, आणि तें पोरांपैकीं एकासही ठाऊक नव्हतें.

ह्यानंतर अण्णांनीं जें केलें तें आम्हांस फार शिकण्यासारखें वाटलें. खजिनदाराच्या डायरींत कोणाचे पैसे कोणत्या दिवशीं आले ह्याच्या खुणा होत्या. त्या पाहून त्यांनीं साऱ्या रकमांचे चार ढीग केले. चतुर्थीपूर्वीं आलेले, उत्सवाच्या दहा दिवसांत आलेले, विसर्जनानंतर दिवाळीपर्यंत आलेले, आणि न आलेले. ४१,०००, ३८,०००, २२,००० व १७,००० असे ते चार आंकडे निघाले. शंभर रुपयांचें वचन असेल तर मूर्ति येण्यापूर्वीं हातीं ३५ पडतात, उत्सवांत ३२, त्यानंतर १९, आणि १४ कधींच पडत नाहींत. खर्चाचे पैसे मात्र बहुतेक चतुर्थीपूर्वीं किंवा उत्सवांतच द्यावे लागतात.

असें कां व्हावें, ह्याचें उत्तर शिरोळच्या शिवारांत आहे. उसाचें गळीत साधारणतः कार्तिकांत सुरू होऊन होळीच्या आसपास संपतें. शेतकऱ्याच्या हातीं उसाचें बिल येतें तें ह्या काळांत, आणि उरलेला हप्ता आलाच तर बहुधा दिवाळीच्या तोंडावर. भाद्रपद येतो तेव्हां तें बिल खतांत, मुलांच्या फियांत व लग्नकार्यांत केव्हांच विरघळून गेलेलें असतें. म्हणून ‘दिवाळीला देतो’ असें म्हणणारा मनुष्य लबाडच असतो असें नाहीं. त्याचें वर्ष आणि गणपतीचें वर्ष निरनिराळ्या महिन्यांत सुरू होतें, इतकेंच. पुण्यास १८९३ च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाची चाल पडली ती शहरांत, जेथें व्यापाऱ्याचा गल्ला रोज भरतो आणि नोकरास पगार दरमहा मिळतो. तीच चाल उसाच्या गांवीं आली म्हणजे खर्च भाद्रपदांत आणि जमा कार्तिकांत असा पेंच पडतो, आणि तो सोडविण्यास कोणीतरी मध्यें पैसे घालावे लागतात.

हा ‘कोणीतरी’ कोण, हाच खरा प्रश्न होता. मागल्या वर्षाचा खर्च १,१७,००० होता. वर्गणीचे १,०१,००० व दानपेटीचे ५,००० मिळून जमा १,०६,००० होती. तूट ११,००० ची. त्यांतील ६,००० मांडवाचे बाकी होते. मग उरलेले ५,००० कोणी दिले? अण्णांनीं पेन्सिल खालीं ठेवली, इतर पोरांस चहास आंत पाठविलें, आणि खजिनदारास जवळ बोलाविलें.

बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “विसर्जनाच्या रात्री वाजवणारे अडून बसले होते, अण्णा. माझ्या पगारातले दिले. देवाचं काम हाय. राहू द्या ते.”

“राहू कसं द्यायचं?” अण्णा म्हणाले. “देणगी असेल तर स्वतःच्या नावानं पावती फाड. उसने असतील तर मंडळाचं देणं म्हणून लिही. तिसरी तऱ्हा वहीत नसते.”

“लोक म्हणतील, खाल्लेले परत ओकतोय आणि वर मागतोय.”

“लिहिलं नाहीस तरी म्हणतातच की.”

आम्ही हा संवाद ऐकत होतों, आणि मनांतून त्या मुलाच्या बाजूचे होतों. कोणासही न सांगतां पदरमोड करणें ह्यास आपल्याकडे मोठेपणा समजतात. परंतु अण्णांचें म्हणणें जसजसें आम्ही मनांत घोळवूं लागलों, तसतसा त्यांतला अर्थ आम्हांस दिसूं लागला. त्या मुलानें ५,००० रुपये गुपचूप घातले, त्यामुळें मंडळाची अशी समजूत झाली कीं, इतका खर्च आपल्यास झेपला. फक्त मांडववाल्याचें थोडेंसें राहिलें. ह्या समजुतीवरच यंदाचे १,८५,००० उभे राहिले होते. न लिहिलेली चोरी जशी वहीस खोटें पाडते, तशीच न लिहिलेली उदारताही पाडते, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज दोहींनीं सारखाच चुकतो. शिवाय चोरीचा निदान कोणी शोध तरी करतो.

मुलानें अखेरीस तो आंकडा स्वतःच्या हातानें लिहिला: ‘मागील देणें — खजिनदार — ५,०००.’ पोरें आंतून परत आलीं तेव्हां अण्णांनीं ती ओळ मोठ्यानें वाचून दाखविली. अध्यक्ष त्या मुलाकडे पाहत राहिला, आणि मग त्यानें कागदावरील डॉल्बीची ओळ आपण होऊन खोडली. अण्णांस जें व्याख्यान द्यावें लागेल असें आम्हांस वाटलें होतें, तें त्या एका ओळीनें दिलें होतें.

एक मोह मात्र अजून बाकी होता. गांवांतील एका सधन गृहस्थांनीं निरोप पाठविला होता कीं, तूट असेल ती आम्ही भरूं. कमानीवर आमचें छायाचित्र असलें म्हणजे झालें. पोरांस ती रक्कम जमेंत धरावयाची होती. अण्णांनीं नाहीं म्हटलें नाहीं. त्यांनीं जमेच्या रकान्याशेजारीं आणखी एक रकाना आंखला आणि त्यावर ‘अट’ असें लिहिलें. “रक्कम इकडे लिहा, अट तिकडे लिहा, आणि हा कागद गल्लीच्या सभेत वाचा.” पोरें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. ती रक्कम जमेंत धरली गेली नाहीं.

आतां प्रत्यक्ष अंदाजपत्रक. यंदाची वचनें १,२०,००० ची होतील असें यादीवरून दिसत होतें. त्यांतून न येणारा भाग वगळतां वर्गणी १,०३,००० आणि दानपेटी ५,०००, एकूण जमा १,०८,०००. खर्चाच्या बाजूस मूर्ति १८,०००, मांडव २४,०००, रोषणाई व तात्पुरती वीजजोडणी ११,०००, ध्वनिवर्धक ७,०००, दहा दिवसांची पूजा व प्रसाद ९,०००, महाप्रसाद ११,०००, मिरवणूक १०,०००, छपाई २,०००, मागील देणें ११,०००, आणि अकस्मात् खर्चासाठीं ५,०००. बेरीज १,०८,०००. महाप्रसादाचा तांदूळ, गूळ आणि मिरवणुकीचा ट्रॅक्टर गल्लींतूनच फुकट मिळावयाचा होता. त्यांची बाजारभावानें किंमत अण्णांनीं वेगळ्या पानावर टिपून ठेवविली, म्हणजे ज्या वर्षीं देणारा देणार नाहीं त्या वर्षीं खर्च कितीनें वाढेल तें कळावें.

दोन्ही बाजू जुळल्या म्हणून पोरें उठूं लागलीं. अण्णांनीं त्यांस पुन्हां बसविलें. “ही झाली वर्षाची तोंडमिळवणी. आता दिवसांची करू.”

त्यांनीं कागदाचे तीन उभे भाग केले: चतुर्थीपूर्वीं, उत्सवांत, आणि उत्सवानंतर. चतुर्थीपूर्वीं हातीं ४२,००० यावयाचे. त्यांतून मूर्तीचे पुरे १८,०००, मांडववाल्याचे मागील ६,००० आणि यंदाचे फक्त ८,०००, रोषणाईचे ४,०००, पूजासाहित्याचे ३,००० व छपाईचे २,००० द्यावयाचे. म्हणजे ४१,००० गेले आणि हातीं एक हजार राहिला. मांडववाल्यानें एकतृतीयांशावर काम सुरू करण्याचें कबूल केलें, ह्याचें कारण त्याचें जुनें देणें प्रथम फेडलें जात होतें आणि पुढील दोन हप्त्यांच्या तारखा त्याच्या हातांत लेखी पडल्या होत्या. उत्सवांत वर्गणीचे ३८,००० व दानपेटीचे ५,०००, शिवाय हातचा एक हजार, असे ४४,०००. त्यांतून मांडवाचा दुसरा हप्ता, ध्वनिवर्धक, उरलेली पूजा, महाप्रसाद आणि मिरवणूक मिळून ४२,०००. उत्सवानंतर दिवाळीपर्यंत येणाऱ्या २३,००० मध्यें हातचे २,००० मिळवून मांडवाचे शेवटचे ८,०००, रोषणाईचे ७,०००, खजिनदाराचे ५,०००, आणि अकस्मात् खर्चाचे ५,०००.

येथें एका पोरानें फार मार्मिक शंका काढली. तो म्हणाला, “अण्णा, अकस्मात खर्चाचे पैसे दिवाळीला येणार. पण अकस्मात काय ते उत्सवातच होणार की.”

अण्णांचा चेहरा त्या संध्याकाळीं प्रथमच खुलला. “आता तुला बजेट कळलं,” ते म्हणाले. शिल्लक म्हणून लिहिलेली रक्कम आणि हातांत असलेली रक्कम ह्या एक नव्हेत. उत्सवाच्या दहा दिवसांत मंडळाच्या हातीं हजार-दोन हजारांहून अधिक कांहीं राहणार नव्हतें. म्हणून पैशाच्या जागीं ठराव ठेवावयाचा असें ठरलें. पांचव्या रात्रीं आरतीनंतर जमा मोजावयाची. अंदाजाप्रमाणें ती तोंवर ६१,००० असावयास पाहिजे: आधींचे ४२,००० आणि उत्सवांतील निम्मे १९,०००. ती ६०,००० च्या खालीं असेल तर मिरवणुकीचें भाड्यानें ठरविलेलें पथक रद्द करावयाचें आणि गल्लींतील पोरांनीं हलगीवर लेझीम खेळत जावयाचें. पथकवाल्यासही हें आधींच सांगून ठेवावयाचें, म्हणजे त्यास दुसरें काम घेतां येईल. कोणतें कलम प्रथम कापावयाचें हें शांतपणें बसलेलें असतांना ठरवून त्याखालीं साऱ्यांनीं सह्या करावयाच्या. कारण विसर्जनाच्या रात्रीं, वाजंत्री अडून बसलेलीं आणि रस्ता माणसांनीं भरलेला असतां कोणासही कांहीं कापतां येत नाहीं. तेव्हां जो सर्वांत भिडस्त असतो त्याच्याच खिशांतून पैसे जातात.

तो कागद गल्लीच्या सभेत वाचला गेला. ‘मागील देणें — खजिनदार’ ह्या ओळीवर क्षणभर शांतता पसरली. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, “पोरानं पदरचं घातलं, आणि आपण काय काय बोललो!” तिला कोणी उत्तर दिलें नाहीं. मात्र मागल्या वर्षींची पावती घरीं असून पैसे न दिलेल्यांपैकीं दोघांनीं दुसऱ्या दिवशीं येऊन यंदाची वर्गणी आगाऊ भरली. मागची कोणीच भरली नाहीं.

उत्सव आला, आणि तिसऱ्या दिवसापासून पावसानें झड धरली. नदीकांठच्या गांवीं भाद्रपदांतली झड म्हणजे नुसता पाऊस नसतो. पाणी किती चढलें हें पाहावयास माणसें घाटावर जातात आणि ज्यांच्या घरांत पूर्वीं पाणी शिरलें होतें तीं वरच्या फळीवर धान्य चढवूं लागतात. अशा घरीं वर्गणी मागावयास कोणत्या तोंडानें जावें? दोन दिवस वर्गणी फिरलीच नाहीं. मांडवावर घालावयास ताडपत्री आणावी लागली, तिचे २,००० गेले. पाणी चढलें नाहीं, परंतु पांचव्या रात्रीं आरतीनंतर पैसे मोजले तेव्हां जमा ५४,००० भरली.

त्या रात्रीं मांडवांत बरीच बाचाबाची झाली. शेजारच्या गल्लीचें पथक येणार होतें, आणि आपण लेझीम घेऊन जावयाचें ही कित्येकांस मानहानि वाटत होती. “अजून पाच दिवस आहेत, जमतील की पैसे,” असें म्हणणारेही होते. आणि ते खोटें बोलत होते असें नाहीं, कारण आशेस पुरावा लागत नाहीं. खजिनदारानें वाद घातला नाहीं. त्यानें सह्यांचा कागद काढून दिव्याखालीं धरला. सर्वांत मोठ्यानें ओरडणाऱ्याची सही तिसरी होती. अण्णा तेथें आले नव्हते. त्यांनीं मुद्दामच आपण येणार नाहीं असें सांगून ठेवलें होतें. आम्ही मात्र गेलों होतों, आणि आम्हांस असें दिसलें कीं, त्या कागदामुळें त्या मुलास कोणासही ‘नाहीं’ म्हणावें लागलें नाहीं. ‘नाहीं’ हा शब्द साऱ्यांनीं मिळून आषाढांतच उच्चारून ठेवला होता.

मिरवणूक लेझमीवर निघाली. हलगी, तेल आणि अल्पोपाहार धरून ३,००० खर्च झाला, ७,००० वांचले. दिवाळीपर्यंत वर्गणी ९७,००० जमली, म्हणजे अंदाजापेक्षां ६,००० नीं कमी; दानपेटींत ६,००० निघाले, म्हणजे अंदाजापेक्षां एक हजार जास्त. एकूण जमा १,०३,०००. खर्च, साऱ्या जुन्या देण्यांसह, ९८,०००. पांच हजार रुपये शिल्लक राहिले, आणि कोणाचेंही देणें उरलें नाहीं.

हे आंकडे वाचून वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं, शेवटीं अंदाज चुकलाच कीं. चुकला खरा. अण्णांनींही तसेंच म्हटलें, आणि वहीच्या मागील पानावर ‘अंदाज’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन रकाने आंखून प्रत्येक चुकीपुढें तिचें कारण लिहविलें. वर्गणीपुढें ‘पाऊस, दोन दिवस’. ताडपत्रीपुढें ‘मांडवाच्या ठरावांतच यावयास हवी होती’. मिरवणुकीपुढें ‘ठरावाप्रमाणें कपात’. अंदाज जुळणें हें अंदाजपत्रकाचें काम नव्हे, असें त्यांचें मत आहे. चुकणें कोठें आणि कितीनें झालें हें ज्याच्यावरून दाखवितां येतें, तें अंदाजपत्रक. आणि चुकलें म्हणजे त्याचा भार कोणावर पडावयाचा हें ज्यांत आधीं लिहिलेलें असतें, तें चांगलें अंदाजपत्रक. मागल्या वर्षींही अंदाज चुकलाच होता; पण तो कोठेंही लिहिलेला नव्हता, म्हणून त्याचा सारा भार खतांच्या दुकानांतील एका पगारावर पडला, आणि त्याबद्दल त्या पगाराच्या धन्यास चोर ठरविण्यांत आलें.

ह्या पद्धतीनें सारें साधतें असें मात्र नाहीं. वचन देऊन पैसे न देणाऱ्यांचा शेंकडा चौदा हिस्सा ह्या वर्षींही तसाच राहिला, किंबहुना पावसामुळें थोडा वाढला. उसाचें बिल भाद्रपदांत आणणें अण्णांच्याही हातीं नाहीं. आणि ज्या गृहस्थांचें छायाचित्र आमच्या कमानीवर लागलें नाहीं, तें दुसऱ्या गल्लीच्या कमानीवर लागलें, हेंही आम्हीं पाहिलें. तेथें डॉल्बी होता.

दिवाळीच्या पाडव्यास मंडळाच्या खात्यांतून दोन सह्यांनीं खजिनदाराचे ५,००० रुपये परत करण्यांत आले. त्यानें ते घेतले, पावतीवर सही केली, आणि मग नवें पावतीपुस्तक मागून घेऊन त्यांतील पहिली पावती पुढील वर्षाच्या वर्गणीची, ५०१ रुपयांची, स्वतःच्या नांवानें फाडली. पैसे आधीं मोजून टेबलावर ठेवले, पावती मागाहून.